बारा महिने उलटण्याआधी विकावं की नंतर? शेअरवरच्या भांडवली नफ्याचा हिशोब

शेअर विकताना बहुतेकांचं लक्ष दोनच आकड्यांवर असतं: किती रुपयांना घेतला आणि आता किती मिळताहेत. प्राप्तिकर मात्र या दोन आकड्यांच्या आधी दोन तारखा बघतो, खरेदीची आणि विक्रीची. या तारखांमध्ये किती काळ गेला त्यावर नफा अल्पकालीन की दीर्घकालीन हे ठरतं, आणि मग त्याच रकमेच्या नफ्यावर एकाला हजारो रुपये कर लागतो, तर दुसऱ्याला काहीच लागत नाही.

मालमत्तेच्या प्रकारानुसार ही मुदत बदलते. इथे मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेले शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड यांचाच हिशोब मांडला आहे, कारण सर्वसामान्य गुंतवणूकदाराची जास्तीत जास्त गफलत तिथेच होते. बाकी प्रकारांची मुदत शेवटाकडे थोडक्यात दिली आहे.

दर काय आहेत

२३ जुलै २०२४ किंवा त्यानंतर विकलेल्या आणि सिक्युरिटीज व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, भरलेल्या शेअरना आणि इक्विटी फंडांच्या युनिटना हे दर लागू होतात. बारा महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवून विकलं तर नफा अल्पकालीन आणि त्यावर सरळ २० टक्के कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलं तर नफा दीर्घकालीन, आणि आर्थिक वर्षातल्या अशा एकूण नफ्यापैकी पहिल्या १,२५,००० रुपयांवर कर नाही, त्यापुढच्या रकमेवर १२.५ टक्के. दोन्हींवर ४ टक्के उपकर धरला की प्रत्यक्ष दर २०.८ आणि १३ टक्के होतात. उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल तर अधिभारही लागतो, पण तो इथल्या उदाहरणांत धरलेला नाही.

सव्वा लाखाची सवलत प्रत्येक कंपनीमागे किंवा प्रत्येक फंडामागे वेगळी मिळत नाही. वर्षभरातले सगळे शेअर आणि सगळे इक्विटी फंड मिळून ती एकच आहे. अल्पकालीन नफ्याला अशी कुठलीच सवलत नाही, तिथे पहिल्या रुपयापासून कर सुरू होतो.

मुदतीवरून दर का बदलतो

दहा वर्षांपूर्वी घेतलेला शेअर आज विकला तर नफ्याचा एक भाग निव्वळ महागाईचा असतो. हातात रुपये जास्त येतात, पण त्यांची खरेदीशक्ती तेवढी वाढलेली नसते. सहा महिन्यांत कमावलेल्या नफ्यात हा भाग नगण्य असतो. दुसरं कारण असं की दहा वर्षांत हळूहळू जमलेला नफा कराच्या दृष्टीने एकाच वर्षात, विक्रीच्या वर्षात, उत्पन्न म्हणून उभा राहतो. त्यावर नेहमीचे चढते दर लावले तर माणूस उगाचच वरच्या टप्प्यात ढकलला जातो. तिसरं कारण धोरणाचं आहे. पैसा कंपन्यांमध्ये टिकून राहावा, दर आठवड्याला आत-बाहेर होऊ नये, असा सरकारचा कल असतो, आणि कमी दर हे त्याचं साधन.

भारतात ही सवलत एके काळी याहून मोठी होती. १ ऑक्टोबर २००४ पासून एसटीटी आला आणि त्याच्या बदल्यात नोंदलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा पूर्ण करमुक्त झाला. ती मुभा ३१ मार्च २०१८ ला संपली आणि १ लाखाच्या वरच्या नफ्यावर १० टक्के कर आला. जुलै २०२४ मध्ये १० चे १२.५ झाले, अल्पकालीन दर १५ वरून २० वर गेला आणि करमुक्त मर्यादा सव्वा लाख झाली. दोन दरांमधलं अंतर पाच टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर गेल्यामुळे तारखेकडे दुर्लक्ष करणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं.

दिवस कसे मोजायचे

कायद्याची अट ‘बारा महिन्यांपेक्षा जास्त’ अशी आहे. बरोबर बारा महिने झाले तर नफा अल्पकालीनच राहतो. १८ नोव्हेंबर २०२४ ला घेतलेला शेअर १८ नोव्हेंबर २०२५ ला विकला तर बारा महिने पूर्ण होतात, ओलांडले जात नाहीत. १९ नोव्हेंबरला विकला तर ओलांडले जातात. म्हणून नियम सोपा ठेवावा: पुढच्या वर्षीची तीच तारीख जाऊ द्यायची आणि त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी विकायचं. ३६५ दिवस मोजत बसू नये. लीप वर्षात तो हिशोब चुकतो, आणि कायदा महिन्यांत मोजतो, दिवसांत नाही.

कुठली तारीख धरायची हाही प्रश्न येतो. बाजारातून घेतलेल्या शेअरसाठी ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची व्यवहाराची तारीख धरतात. शेअर डिमॅट खात्यात एक दिवस उशिरा जमा होतात आणि विक्रीचे पैसेही नंतर येतात. त्या तारखा बघून मोजणी केली की एका दिवसाची चूक होते, आणि सीमेवर तो एक दिवसच महत्त्वाचा असतो. आयपीओमध्ये मिळालेल्या शेअरची मुदत वाटपाच्या तारखेपासून मोजतात. अर्ज केला किंवा शेअर बाजारात नोंदला गेला तो दिवस इथे धरत नाहीत.

कोणते शेअर विकले गेले?

एकाच कंपनीचे शेअर तीन वेळा घेतले आणि त्यातले काही विकले, तर त्यातले नेमके कोणते गेले? डिमॅटमध्ये शेअरना वेगळी ओळख नसते, त्यामुळे कायद्याने क्रम ठरवून दिला आहे: जे आधी आले ते आधी गेले. बाजारात याला फिफो म्हणतात. ‘मी महाग घेतलेले आधी विकले असं धरा’ असं म्हणायची मुभा नाही.

पुढचं उदाहरण आकड्यांसकट नीट बघा. एका गुंतवणूकदाराने एकाच कंपनीचे शेअर असे घेतले:

१० जून २०२४: २०० शेअर, ४०० रुपयांना
१८ नोव्हेंबर २०२४: ३०० शेअर, ४५० रुपयांना
५ मार्च २०२५: २५० शेअर, ४२० रुपयांना

आता त्याला ६०० शेअर ७०० रुपये भावाने विकायचे आहेत. ब्रोकरेज वगैरे सोपेपणासाठी बाजूला ठेवू, आणि वर्षात त्याचा दुसरा कुठलाही भांडवली नफा नाही असं धरू.

त्याने १८ नोव्हेंबर २०२५ ला विक्री केली तर फिफोप्रमाणे आधी जूनचे २०० जातात. त्यांना बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला आहे. दर शेअरला ३०० प्रमाणे ६०,००० रुपये दीर्घकालीन नफा. मग नोव्हेंबरचे ३०० जातात. त्यांना बरोबर बारा महिने झालेत, म्हणून २५० प्रमाणे ७५,००० रुपये अल्पकालीन. उरलेले १०० मार्चच्या खरेदीतून जातात, २८० प्रमाणे २८,००० रुपये, तेही अल्पकालीन. दीर्घकालीन ६०,००० सव्वा लाखाच्या आत आहेत, त्यांच्यावर कर शून्य. अल्पकालीन एकूण १,०३,०००. त्यावर २० टक्के म्हणजे २०,६००, आणि उपकर ८२४. एकूण २१,४२४ रुपये.

हीच विक्री दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, त्याच भावाने केली तर नोव्हेंबरची खरेदी दीर्घकालीन बाजूला जाते. दीर्घकालीन नफा १,३५,००० होतो. त्यातून सव्वा लाख वजा जाऊन १०,००० उरतात आणि त्यावर १,२५० रुपये कर बसतो. अल्पकालीन फक्त २८,००० राहतात, त्यावर ५,६००. दोन्ही मिळून ६,८५०, उपकर २७४, एकूण ७,१२४ रुपये. नफा तोच, भाव तोच, आणि एका दिवसात १४,३०० रुपये वाचले. एवढी बचत फक्त कमी दरामुळे झालेली नाही. जो नफा अल्पकालीन म्हणून सव्वा लाखाच्या सवलतीबाहेर पडला असता तो तिच्या आत आला, हा त्यातला मोठा भाग.

फिफो प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागू होतो. त्यामुळे काही वर्षांसाठी ठेवायचे शेअर एका खात्यात आणि अधूनमधून विकायचे दुसऱ्या खात्यात ठेवले तर जुना साठा हलत नाही. एकाच कंपनीत दीर्घ गुंतवणूक आणि छोटे व्यवहार असं दोन्ही करणाऱ्यांनी ही व्यवस्था सुरुवातीपासूनच ठेवावी.

थांबणं परवडतं का?

वरच्या उदाहरणात मार्चच्या खरेदीतले १०० शेअर अजून विकले नाहीत असं समजा. ५ मार्च २०२६ उलटली की तेही दीर्घकालीन होतात. तोवर थांबावं का? ‘कर वाचतो म्हणून थांबा’ हे उत्तर अर्धवट आहे, कारण थांबण्याच्या काळात भाव पडू शकतो. भाव किती पडला तरी चालेल हे आधी काढावं, मग निर्णय घ्यावा.

आज ७०० ला विकलं तर दर शेअरला २८० नफा, त्यावर २०.८ टक्के म्हणजे ५८.२४ रुपये कर. हातात ६४१.७६ उरतात. १९ नोव्हेंबरच्या विक्रीत सव्वा लाखाची सवलत संपलेली आहे, म्हणून ६ मार्चला १३ टक्के दराने विकलं तर तेवढीच रक्कम हातात पडण्यासाठी भाव साधारण ६७५ असावा लागतो. म्हणजे ३.६ टक्के घसरण सोसेल, त्यापुढे थांबणं तोट्याचं. तीन-साडेतीन महिन्यांत एखाद्या शेअरचा भाव ३.६ टक्के हलणं ही अगदी किरकोळ गोष्ट आहे. म्हणून शेअर ठेवावासा वाटत नसेल तर केवळ एवढ्या बचतीसाठी साडेतीन महिने थांबू नये. तेच बारा महिने पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस उरले असतील तर सहसा थांबावं.

हा हिशोब कुठल्याही शेअरला लावता येतो. विक्री किमतीत नफ्याचा वाटा किती टक्के आहे ते काढायचं आणि त्याला ०.०९ ने गुणायचं. वरच्या उदाहरणात ७०० पैकी २८० म्हणजे ४० टक्के नफा, म्हणून सुमारे ३.६. नफ्याचा वाटा १० टक्केच असेल तर सोसणारी घसरण जेमतेम ०.९ टक्के येते. नफा कमी असताना करासाठी थांबण्याला फारसा अर्थ नसतो तो यामुळे.

पण सव्वा लाखाची मर्यादा शिल्लक असेल तर चित्र बदलतं. ही मर्यादा दर १ एप्रिलला नवी सुरू होते. वरचा गुंतवणूकदार मार्चऐवजी एप्रिल २०२६ मध्ये विकणार असेल तर नव्या वर्षाच्या मर्यादेत २८,००० रुपये सहज बसतात आणि कर शून्य होतो. मग भाव ६४१.७६ पर्यंत, म्हणजे ८.३ टक्के खाली आला तरी तो आजच्या इतकाच पैसा घेऊन बाहेर पडतो. थोडक्यात, दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात, एक बारा महिन्यांचं आणि दुसरं ३१ मार्चचं. विक्रीची तारीख ठरवताना दोन्ही बघावी लागतात.

याच मर्यादेचा वापर उलट बाजूनेही करता येतो. मार्चअखेर दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत येईल एवढेच शेअर किंवा युनिट विकायचे आणि लगेच परत घ्यायचे. कर लागत नाही आणि खरेदी किंमत आजच्या भावावर येते, त्यामुळे पुढे विकताना नफा तेवढा कमी दिसतो. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शेअर विकून त्याच दिवशी त्याच खात्यात परत घेतले तर दोन्ही व्यवहार एकमेकांत मिटतात, डिलिव्हरी होतच नाही आणि तो इंट्राडे व्यवहार ठरतो. म्हणून खरेदी दुसऱ्या दिवशी करावी. आणि नव्या खरेदीचे बारा महिने शून्यापासून सुरू होतात. सहा महिन्यांत पैसे लागणार असतील तर हा मार्ग घेऊ नये, कारण करमुक्त असलेला नफा मोकळा करून पुढची वाढ २० टक्क्यांच्या दरात नेली जाते.

तोट्यालाही मुदत असते

नफ्याच्या बाबतीत बारा महिने ओलांडणं फायद्याचं असतं, तोट्याच्या बाबतीत नेमकं उलट. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वजा करता येतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. पडलेला शेअर ‘बघू, वर येईल’ म्हणत तेराव्या महिन्यात नेला की तोट्याची रक्कम तीच राहते, पण तिची किंमत घटते.

समजा ४०,००० रुपये तोट्यातला शेअर अकराव्या महिन्यात विकला आणि त्याच वर्षी दुसरीकडे १,०३,००० अल्पकालीन नफा आहे. तोटा त्यातून वजा झाला की ८,३२० रुपये कर वाचतो. तोच शेअर तेराव्या महिन्यात विकला तर तो दीर्घकालीन तोटा झाला, आणि या अल्पकालीन नफ्याला तो हातही लावू शकत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, जो फार थोड्यांच्या लक्षात येतो. दीर्घकालीन तोटा आधी वजा होतो आणि सव्वा लाखाची सवलत नंतर लागते. वर्षात १,००,००० दीर्घकालीन नफा आणि ५०,००० दीर्घकालीन तोटा असेल तर नफ्यावर तसाही कर नव्हता. तोटा त्यात विरघळून जातो आणि हाती काहीच लागत नाही. असा तोटा असलेला शेअर, विकायची घाई नसेल तर, ज्या वर्षी सव्वा लाखाच्या वर नफा होणार आहे त्या वर्षासाठी ठेवणं शहाणपणाचं.

उरलेला तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं असावं लागतं. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये त्या वर्षीचा तोटा दाखवता येतो, पुढे नेता मात्र येत नाही.

बोनस, स्प्लिट, भेट आणि वारसा

बोनस शेअरनी जितका घोळ होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्यांची मुदत वाटपाच्या तारखेपासून सुरू होते, मूळ शेअर कितीही जुने असले तरी. समजा १०० शेअर ६०० ला घेऊन तीन वर्षं झाली, भाव १,००० झाला आणि एकास एक बोनस आला. भाव ५०० च्या आसपास येतो आणि खात्यात २०० शेअर दिसतात. आता १०० विकले तर फिफोने मूळचे जातात: ६०० ला घेतलेले ५०० ला गेले, म्हणजे १०,००० दीर्घकालीन तोटा. उरलेले १०० बोनसचे. ते वर्षाच्या आत ५०० ला विकले तर सगळेच्या सगळे ५०,००० रुपये अल्पकालीन नफा. सगळे २०० शेअर एकदम विकणाऱ्याचा खरा नफा ४०,००० असतो, पण कर लागतो ५०,००० वर २०.८ टक्के दराने, म्हणजे १०,४०० रुपये, आणि बाजूला १०,००० चा दीर्घकालीन तोटा लटकत राहतो. वाटपानंतर बारा महिने उलटू दिले असते तर दोन्ही एकमेकांत वजा होऊन ४०,००० दीर्घकालीन नफा राहिला असता, आणि वर्षात दुसरा नफा नसल्यास कर शून्य.

स्प्लिटमध्ये असं होत नाही. तिथे जुनाच शेअर तुकड्यांत विभागला जातो, मुदत मूळ तारखेपासून चालू राहते आणि खरेदी किंमत तुकड्यांवर वाटली जाते. कंपनीचं विभाजन होऊन नव्या कंपनीचे शेअर मिळाले तरी मुदत मूळ खरेदीपासूनच मोजतात. राइट्स शेअरची मुदत मात्र वाटपापासून.

आई-वडिलांनी दिलेले किंवा वारशाने आलेले शेअर विकताना आधीच्या मालकाची खरेदी किंमत आणि त्याने ठेवलेला काळ, दोन्ही तुमच्या हिशोबात येतात. वडिलांनी २०१५ साली घेतलेला शेअर गेल्या महिन्यात तुमच्या खात्यात आला तरी तो दीर्घकालीनच. ब्रोकरच्या अहवालात मात्र तो गेल्या महिन्यातल्या तारखेने, शून्य किंवा त्या दिवशीच्या भावाने दिसू शकतो. तो अहवाल आंधळेपणाने रिटर्नमध्ये उतरवला की विनाकारण २० टक्के भरले जातात. स्वतःच्याच एका डिमॅटमधून दुसऱ्या डिमॅटमध्ये शेअर हलवले तरी हीच अडचण येते. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणूनच जपून ठेवाव्यात.

३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेल्या शेअरना एक जास्तीची सवलत आहे. त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, पण विक्री किमतीपेक्षा जास्त नाही. १०० ला घेतलेला, त्या दिवशी २६० असलेला शेअर आज ७०० ला विकला तर नफा ४४० धरायचा, ६०० नाही. तोच २२० ला विकावा लागला तर नफा शून्य. आणि मूळ खरेदीच २६० पेक्षा महाग असेल तर अर्थातच मूळ किंमत धरायची.

एसआयपी म्हणजे अनेक खरेद्या

एसआयपी सुरू करून वर्ष झालं की सगळी रक्कम दीर्घकालीन झाली, असा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी आहे आणि प्रत्येकाचे बारा महिने वेगळे. जानेवारी २०२४ पासून दर महिन्याच्या १० तारखेला हप्ता जात असेल आणि १५ जुलै २०२५ ला सगळं विकलं, तर जुलै २०२४ पर्यंतचे सात हप्ते दीर्घकालीन आणि त्यानंतरचे बारा अल्पकालीन. थोडेच पैसे हवे असतील तर फिफोमुळे जुने युनिट आधी जातात, जे सोयीचंच आहे. म्हणून फंडाच्या खात्यावरून ‘दीर्घकालीन झालेली युनिट’ किती आहेत ते बघून तेवढीच काढावीत. बऱ्याच इक्विटी योजनांत पहिल्या वर्षात एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचं शुल्कही लागतं, तेही यामुळे टळतं.

एका योजनेतून दुसऱ्या योजनेत ‘स्विच’ करणं म्हणजे कराच्या भाषेत विक्री आणि नवी खरेदी. त्याच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्ट प्लॅनमध्ये गेलात तरी तसंच. बँक खात्यात एक रुपयाही आलेला नसतो, त्यामुळे हा व्यवहार रिटर्नमध्ये दाखवायचा राहून जातो.

जिथे बारा महिने लागू नाहीत

सोनं, घर, जमीन, बाजारात न नोंदलेले शेअर आणि परदेशी बाजारातले शेअर यांची मुदत २४ महिन्यांची आहे. त्यांचा अल्पकालीन नफा तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून टप्प्याप्रमाणे कर लागतो आणि दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, सव्वा लाखाच्या सवलतीशिवाय. निवासी व्यक्तीने २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी महागाई निर्देशांक धरून २० टक्के असा दुसरा पर्याय आहे. दोन्ही काढून कमी येईल तो घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांना तर मुदतच उरलेली नाही. दहा वर्षं ठेवले तरी नफा अल्पकालीन धरून टप्प्याप्रमाणे कर. इंट्राडेचा नफा भांडवली नफ्यात येतच नाही, ते सट्ट्याच्या व्यवसायाचं उत्पन्न.

रिटर्न भरताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या शेअर विक्रीवर कोणी टीडीएस कापत नाही, त्यामुळे कर स्वतःच भरायचा असतो. वर्षाचा एकूण शिल्लक कर १०,००० रुपये किंवा जास्त होणार असेल तर आगाऊ कर लागू होतो. नफा १८ नोव्हेंबरला झाला तर त्याचा कर १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत भरायचा. जून आणि सप्टेंबरचे हप्ते कमी पडले म्हणून व्याज लागत नाही, कारण तेव्हा नफा झालेलाच नव्हता. म्हणून रिटर्नमध्ये नफा कुठल्या तारखांच्या दरम्यान झाला ते विचारतात. तो तक्ता घाईत भरू नये.

खरेदी किमतीत ब्रोकरेज आणि स्टॅम्प ड्युटी मिळवता येते, विक्रीचं ब्रोकरेज वजा करता येतं. एसटीटी मात्र वजा होत नाही. ८०सी सारख्या वजावटी या दोन्ही नफ्यांतून मिळत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूटही या विशेष दराच्या नफ्याला लागत नाही. पगार ९ लाख आहे म्हणून अल्पकालीन नफ्यावर कर नाही असं समजणाऱ्यांना मग मागणीची नोटीस येते. मात्र निवासी व्यक्तीचं इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षाच कमी असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यासाठी वापरता येते. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत ही मर्यादा ४ लाख आहे. अडीच लाख व्याज असलेल्या निवृत्त व्यक्तीला आपल्या उदाहरणातला १,०३,००० अल्पकालीन नफा झाला तर कर शून्य येतो, आणि तिच्यासाठी १८ की १९ नोव्हेंबर हा प्रश्नच उरत नाही.

फॉर्मच्या बाबतीत, फक्त दीर्घकालीन नफा असेल, तो सव्वा लाखाच्या आत असेल आणि ओढायचा तोटा नसेल तर आयटीआर-१ चालतो. एक रुपयाही अल्पकालीन नफा असेल तर आयटीआर-२. करमुक्त नफाही दाखवायचाच असतो. भरण्याआधी प्राप्तिकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे तुमच्या व्यवहारांची खात्याकडे आलेली वार्षिक माहिती, उघडून तुमच्या हिशोबाशी ताडून बघावं. विक्रीची रक्कम दोन्हीकडे जुळायला हवी. तिथे दिसणारी खरेदी किंमत आणि मुदत मात्र बोनस, भेट किंवा खाते बदललेल्या शेअरसाठी चुकीची असू शकते. अशा वेळी पोर्टलवर त्या नोंदीवर हरकत नोंदवावी, कॉन्ट्रॅक्ट नोटप्रमाणे योग्य आकडा रिटर्नमध्ये भरावा आणि तो कागद त्याच वर्षाच्या फाइलला लावून ठेवावा.